तीस लाख, दहा लाख आणि निम्मा-निम्मा नफा

गोंदिया जिल्ह्यात राइस मिलला पैसा कधी लागणार हे धान ठरवते. दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापणीला येते, त्यामागून भारी धान येते आणि पुढचे तीन-चार महिने मिलच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या चढत जातात. खुल्या बाजारातून घेतलेल्या धानाचे पैसे शेतकऱ्याला लवकर मोजावे लागतात. सरकारी भरडाई करायची तर मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाचे धान उचलण्याआधी बँक हमी उभी करावी लागते. मग क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा आणि भरडाईच्या बिलाची वाट बघायची. म्हणजे पैसा आधी अडकतो आणि हळूहळू सुटतो. एकट्याच्या पैशात हे भागत नाही, म्हणून भागीदार घेतला जातो. आणि दोघांचा पैसा सारखा असणे हा योगायोगच.

असेच दोन भागीदार समोर धरू. उदाहरण मी मांडलेले आहे आणि आकडे हिशेबाला सोयीचे घेतले आहेत. व्यापारात माणसाला गावाच्या नावाने ओळखण्याची रीत आहे, तेव्हा एकाला तिरोडावाले म्हणू, दुसऱ्याला आमगाववाले. तिरोडावाल्यांनी मिलमध्ये ३० लाख रुपये घातले, आमगाववाल्यांनी १० लाख. नफा-तोटा निम्मा-निम्मा ठरला, कारण मिल दोघांच्या नावाने आणि दोघांच्या पतीवर चालते. पण एकाचे २० लाख रुपये जास्तीचे अडकले आहेत. तेच पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले असते तर त्यांना व्याज मिळाले असते. नफा सारखाच वाटला तर या जास्तीच्या पैशाची दखल हिशेबात कुठेच उरत नाही. भांडवलावरील व्याज हा ती दखल घेण्याचा मार्ग आहे.

ही दखल कायदा आपणहून घेत नाही. भारतीय भागीदारी कायदा १ ऑक्टोबर १९३२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर भागीदारांना नफा सारखा मिळतो, कोणालाही कामाचा पगार मिळत नाही आणि भांडवलावर व्याज मिळत नाही. करारनाम्यात व्याजाचे कलम नसेल, तर ३० लाखवाले आणि १० लाखवाले नफ्यापुरते एका ओळीत येऊन बसतात. तोंडी बोलण्यावर मिल सुरू केलेल्या भागीदारांना हे पहिला नफा वाटायच्या वेळी कळते, आणि तोवर जास्त पैसेवाल्याच्या हातात बोलायला फारसे काही उरलेले नसते.

घातलेला पैसा किंवा मालमत्ता सहज परत मागता येते, असेही नाही. आंध्रातल्या दोन कुटुंबांची भात सडण्याची आणि शेंगा फोडण्याची गिरणी भागीदारीत होती. तिच्यावरून निघालेल्या अद्दंकी नारायणप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हा मुद्दा स्पष्ट केला. भागीदाराने आणलेली मालमत्ता पेढीची होते. पेढी चालू आहे तोवर ‘ही जागा माझी, हे यंत्र माझे’ असा दावा त्याला करता येत नाही. त्याला नफ्यातला वाटा मिळतो, आणि पेढी मोडली तर देणी भागवून उरलेल्यातला वाटा. मग तोपर्यंतच्या वर्षांसाठी जास्त भांडवलवाल्याच्या पदरात काही पडायचे असेल, तर ते करारनाम्यातूनच पडणार.

आपल्या दोघांनी करारनामा केला. भांडवलावर सालीना १० टक्के व्याज द्यायचे आणि भागीदार जी उचल करतील तिच्यावरही १० टक्केच व्याज घ्यायचे, असे त्यात लिहिले. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

आता भांडवलाचे व्याज काढू. तिरोडावाल्यांचे ३० लाख वर्षभर मिलमध्ये होते, त्यावर ३,००,००० रुपये झाले. आमगाववाल्यांच्या १० लाखांवर १,००,००० झाले. पण त्यांनी १ नोव्हेंबरला, ऐन खरेदीच्या तोंडावर, आणखी १,२०,००० रुपये भांडवल म्हणून घातले. ते मिलमध्ये पाचच महिने राहिले, म्हणून त्यांचे व्याजही पाच महिन्यांचे: १,२०,००० वर १० टक्क्यांनी वर्षाचे १२,००० आणि पाच महिन्यांचे ५,०००. आमगाववाल्यांचे एकूण व्याज १,०५,००० झाले, दोघांचे मिळून ४,०५,०००.

हा नोव्हेंबरचा पैसा वहीत कोणत्या नावाने लिहिला, याकडे मुनीम फारसे लक्ष देत नाहीत, पण ते द्यायला हवे. तो भांडवल म्हणून नव्हे तर पेढीला दिलेली उसनवारी म्हणून आला असता, तर नियम बदलला असता. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्तीचा पैसा भागीदाराने पेढीला दिला आणि त्याचा दर ठरलेला नसेल, तर कायदा त्यावर सालीना ६ टक्के व्याज देतो. पाच महिन्यांचे ते ३,००० रुपये होतात. रक्कम कमी दिसते, पण मिल तोट्यात गेली तरी ती द्यावीच लागते. भांडवलाच्या व्याजाला ही खात्री नाही. म्हणून पैसा येतो त्याच दिवशी तो भांडवल की कर्ज, हे दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवलेले बरे.

उचलीचा हिशेब याहून बारीक आहे. भागीदार घरखर्चासाठी पेढीतून पैसे काढतो ती उचल. नफा ठरतो मार्च संपल्यावर, पण घर वर्षभर चालवावे लागते, म्हणून प्रत्येक पेढीत उचल असतेच. आमगाववाल्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला २०,००० रुपये काढले, वर्षाचे २,४०,०००. तिरोडावाल्यांनी दोनदाच पैसे काढले: १ जुलैला रोवणीच्या मजुरीसाठी ६०,००० आणि १ डिसेंबरला घरच्या लग्नासाठी १,८०,०००. त्यांचीही बेरीज २,४०,०००. उचल सारखी, दर सारखा. तरी व्याज सारखे येत नाही, कारण दोघांचा पैसा पेढीबाहेर वेगवेगळा काळ राहिला.

तिरोडावाल्यांच्या बाबतीत प्रत्येक रक्कम आणि ती बाहेर असलेले महिने यांचा गुणाकार करायचा. ६०,००० रुपये नऊ महिने बाहेर होते, गुणाकार ५,४०,०००. १,८०,००० रुपये चार महिने बाहेर होते, गुणाकार ७,२०,०००. बेरीज १२,६०,००० झाली. याचा अर्थ असा की १२,६०,००० रुपये एक महिना बाहेर राहिले असते, तरी व्याज इतकेच आले असते. १२,६०,००० चे एका महिन्याचे व्याज १० टक्के सालीना दराने १०,५०० रुपये.

आमगाववाल्यांचे बारा हप्ते आहेत. तेही एकेक करून गुणता येतात, पण हप्ता सारखा आणि अंतर सारखे असले की वाट सोपी होते. एप्रिलच्या एक तारखेचा हप्ता वर्षअखेरपर्यंत १२ महिने बाहेर राहतो, मेचा ११ महिने, असे करत मार्चचा एक महिना. पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची सरासरी साडेसहा महिने, आणि मधल्या हप्त्यांच्याही अशाच जोड्या जुळतात. म्हणून सगळे २,४०,००० रुपये सरासरी साडेसहा महिने बाहेर होते असे धरायचे. व्याज १३,००० रुपये. हाच हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी काढला असता, तर पहिला ११ महिने आणि शेवटचा शून्य महिने बाहेर राहिला असता, सरासरी साडेपाच महिने आणि व्याज ११,००० रुपये. महिन्याच्या मध्याला काढला तर सहा महिने, १२,००० रुपये. बारावीच्या परीक्षेत हे साडेसहा, सहा आणि साडेपाच पाठ करून जातात. पाठ करण्यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याकडे बघितले की आकडा आपसूक सापडतो, आणि सहा महिनेच उचल झाली असेल किंवा तिमाहीला होत असेल तिथेही हीच रीत चालते. तारखा मुळीच नोंदल्या नसतील तर पूर्ण उचलीवर सहा महिन्यांचे व्याज धरण्याचा प्रघात आहे. तो न्याय्य नसतो, पण तारखा न लिहिणाऱ्यांना दुसरा मार्ग नाही.

मार्चअखेर मिलचा निव्वळ नफा ९,००,००० रुपये निघाला. या नफ्यातून भागीदारांना काय द्यायचे ते नफा-तोटा विनियोजन खात्यात मांडतात. नफ्यात आधी उचलीवरचे व्याज मिळवायचे, कारण ते पेढीला भागीदारांकडून येणे आहे: १०,५०० आणि १३,००० मिळून २३,५००. बेरीज ९,२३,५००. त्यातून भांडवलावरचे व्याज ४,०५,००० वजा केले की ५,१८,५०० उरतात, आणि तेवढेच निम्मे-निम्मे वाटायचे. प्रत्येकी २,५९,२५०.

| | तिरोडावाले | आमगाववाले |
|---|---|---|
| भांडवलावरील व्याज | ३,००,००० | १,०५,००० |
| नफ्यातला वाटा | २,५९,२५० | २,५९,२५० |
| वजा: उचलीवरील व्याज | १०,५०० | १३,००० |
| वर्षाची प्राप्ती | ५,४८,७५० | ३,५१,२५० |
| वजा: उचल | २,४०,००० | २,४०,००० |
| खात्यावर जमा | ३,०८,७५० | १,११,२५० |

चौथ्या ओळीतल्या दोन आकड्यांची बेरीज ९,००,००० येते. ती यायलाच हवी. एक रुपयाचाही फरक पडला तर कुठेतरी महिना चुकला आहे किंवा व्याज उलट्या बाजूला गेले आहे. आणि या बेरजेतच या सगळ्या व्याजाचे मर्म आहे. व्याज कुठूनही नवा पैसा आणत नाही. बँकेच्या कर्जाचे व्याज पेढीबाहेर जाते, हे व्याज मात्र त्याच नऊ लाखांतले आहे आणि दोघांमध्येच फिरते. तिरोडावाल्यांना ३ लाख व्याज ‘मिळाले’ तरी त्यातले निम्मे त्यांच्याच नफ्याच्या वाट्यातून कापले गेले. आमगाववाल्यांच्या १,०५,००० चेही तसेच.

मग खरोखर किती सरकले? व्याजाचे कलम नसते तर प्रत्येकाला साडेचार लाख मिळाले असते. तिरोडावाल्यांना त्याहून ९८,७५० जास्त मिळाले आणि आमगाववाल्यांना तेवढेच कमी. हा आकडा सरळ काढता येतो. दोघांच्या भांडवल-व्याजातला फरक १,९५,०००, त्याचे निम्मे ९७,५००. उचल-व्याजातला फरक २,५००, त्याचे निम्मे १,२५०. बेरीज ९८,७५०. निम्मा-निम्मा वाटा असेल तर व्याज नेहमी फरकाच्या निम्मेच पैसे सरकवते. करारनाम्याला बसलेल्या दोघांनी हे समजून दर ठरवला तर वाद निम्मा होतो. दर एक टक्क्याने वाढवा, या मिलमध्ये भांडवलाच्या बाजूने ९,७५० रुपये आमगाववाल्यांकडून तिरोडावाल्यांकडे जातील. ‘दहा की बारा’ या घासाघिशीची खरी किंमत २० हजारांच्याही आत आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. याच दोघांनी नफा निम्मा-निम्मा न ठेवता भांडवलाच्या प्रमाणात, ३ ला १ असा ठेवला असता, आणि आमगाववाल्यांची नोव्हेंबरची भर नसती, तर भांडवलावरच्या व्याजाने कोणाच्याच पदरात काही फरक पडला नसता. व्याज ३ ला १ आणि उरलेला नफाही ३ ला १. दोन्ही मिळून प्रमाण तेच. जिथे नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाचे प्रमाण वेगळे, तिथेच हे कलम काम करते.

आमगाववाले दिवसभर मिलमध्ये उभे असतात, ओलावा तपासतात, ट्रक भरून घेतात. त्यांना पगार लिहिला नसेल तर कायदा तो देत नाही, हे वर आलेच. करारनाम्यात महिना १०,००० पगार असता तर वर्षाचे १,२०,००० त्यांना आधी मिळाले असते आणि त्यांचे निव्वळ ६०,००० वाढले असते. इथेही निम्मेच. माझ्या मते पैसा एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे असतील, तर एकटे व्याजाचे कलम लिहिणे अपुरे आहे. ज्याने श्रम घातले त्याच्याकडून पैसे सरकतात आणि त्याच्याकडे परत येण्याची वाट उरत नाही.

आता वाईट वर्ष घेऊ. धान महाग पडले, कनकी जास्त निघाली, आणि उचल-व्याज मिळवूनही वाटायला २,७०,००० रुपयेच उरले. भांडवलाचे व्याज मात्र ४,०५,००० होते. कलम १३ म्हणते की भांडवलावरचे व्याज नफ्यातूनच द्यायचे. म्हणून असलेले २,७०,००० व्याजाच्याच प्रमाणात, म्हणजे २० ला ७ असे वाटायचे. तिरोडावाल्यांना २,००,०००, आमगाववाल्यांना ७०,०००, आणि नफा म्हणून काही नाही. पूर्ण तोटा झाला तर भांडवलावर व्याज शून्य. उचलीवरचे व्याज मात्र तेव्हाही आकारले जाते आणि तेवढा तोटा हलका होतो.

पण करारनाम्यात ‘नफा होवो वा तोटा, व्याज द्यायचेच’ असे शब्द असतील, तर हिशेब पालटतो. मग पूर्ण ४,०५,००० द्यायचे, त्यामुळे १,३५,००० चा तोटा दिसतो आणि तो दोघांवर ६७,५०० प्रत्येकी पडतो. तिरोडावाल्यांच्या हाती २,३२,५०० आणि आमगाववाल्यांच्या हाती ३७,५००. त्या सहा शब्दांमुळे एकाचे ३२,५०० वाढले आणि दुसऱ्याचे तेवढेच गेले. हा प्रश्न कडक वर्षातच उठतो, आणि तेव्हा कोणीही उदार नसतो.

वहीत हे सगळे ठेवण्याच्या दोन रीती आहेत. स्थिर भांडवल पद्धतीत भांडवल खात्यावर फक्त घातलेला पैसा राहतो आणि व्याज, नफा, उचल हे चालू खात्यात जाते. बदलत्या भांडवलाच्या पद्धतीत सगळे एकाच खात्यात जाते. ही केवळ मांडणीची बाब वाटते, पण पुढच्या वर्षीचे व्याज त्यावर ठरते. स्थिर पद्धतीत तिरोडावाल्यांना पुढल्या वर्षीही ३० लाखांवरच ३,००,००० मिळतील. बदलत्या पद्धतीत न काढलेले ३,०८,७५० भांडवलात मिसळतात आणि व्याज ३३,०८,७५० वर, म्हणजे ३,३०,८७५ होते. जो कमी उचलतो त्याचा पैसा मिलमध्ये वाढतो आणि त्यालाही व्याज मिळते, म्हणून दुसरी रीत मला अधिक न्याय्य वाटते. मात्र तीत एक चूक हमखास होते: वर्षअखेरच्या शिलकीवर त्याच वर्षाचे व्याज काढले जाते. त्या शिलकीत वर्षाचा नफा आधीच मिसळलेला असतो. शिल्लक घेऊन तीत उचल आणि तिच्यावरचे व्याज मिळवायचे, नफा, भांडवलावरचे व्याज आणि मध्येच घातलेले भांडवल वजा करायचे, की सुरुवातीचे भांडवल परत सापडते. मधल्या भरीचे व्याज वेगळे काढायचे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्याज विसरून नफा वाटून मोकळे होणे. साडेचार-साडेचार लाख दोघांच्या खात्यावर गेले, ताळेबंदावर सह्या झाल्या आणि जूनमध्ये कोणीतरी करारनामा उघडला. अशा वेळी जुनी पाने खोडायची नसतात. प्रत्येकाला मिळायला हवे होते किती आणि मिळाले किती, एवढेच मांडायचे. तिरोडावाल्यांना ९८,७५० कमी, आमगाववाल्यांना ९८,७५० जास्त. आमगाववाल्यांचे चालू खाते नावे, तिरोडावाल्यांचे चालू खाते जमा, ९८,७५०. एका नोंदीत वर्ष दुरुस्त होते. दोन रकमा समसमान आल्या नाहीत तर नोंद करू नये, आधी गुणाकार पुन्हा तपासावा.

पाठ्यपुस्तकात हे व्याज विनियोजन खात्यात दिसते, पण कर सल्लागाराकडून येणाऱ्या छापील हिशेबात ते बहुधा नफा-तोटा खात्यातच खर्च म्हणून टाकलेले आढळते. त्याचे कारण आयकर आहे. करारनाम्यात लिहिलेले असेल तर भागीदारांच्या भांडवलावरचे व्याज सालीना १२ टक्क्यांपर्यंत पेढीला खर्च म्हणून वजा मिळते आणि मग ते भागीदाराच्या उत्पन्नात धरले जाते. करारनाम्याच्या तारखेआधीच्या काळाचे व्याज वजा मिळत नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून, भागीदाराला वर्षभरात दिलेले व्याज, पगार वगैरे मिळून २०,००० रुपयांच्या वर गेले तर त्यातून १० टक्के कर पेढीनेच कापून भरायचा आहे. पैसे हातात न देता नुसते खात्यावर जमा केले तरी हा नियम लागतो. आपल्या मिलने हेच व्याज यापुढच्या वर्षी जमा केले, तर तिरोडावाल्यांच्या ३,००,००० तून ३०,००० आणि आमगाववाल्यांच्या १,०५,००० तून १०,५०० असा कर कापावा लागेल. कापलेली रक्कम उचलीसारखी त्यांच्या खात्यावर नावे पडेल.